नमुना दाखवा, माल नाही

त्या चॅटमधला शेवटचा मेसेज त्याचा आहे. 'एक नंबर झालंय ताई, उद्या सकाळी पेमेंट टाकतो.' त्याखाली माझे अकरा मेसेज आहेत. पहिल्या चारांवर निळ्या टिका आल्या. पाचव्यावर दोन करड्या. सहाव्यापासून एकच करडी टिक, आणि त्याच सुमाराला डीपीच्या जागी तो रिकामा राखाडी गोळा दिसू लागला. ब्लॉक केल्याचं व्हॉट्सॲप कुणाला सांगत नाही. ते असं टिकांवरून ओळखावं लागतं.

मी पिंपळगाव बसवंतची. टी.वाय.बी.कॉम. करते आणि सेकंड इयरपासून डिझाईनची कामं शिकत आले. आमच्या भागात डिझाईनच्या कामाला तोटा नाही. डिसेंबरपासून द्राक्षाच्या बॉक्सवरची लेबलं लागतात, नर्सऱ्यांना रोपांची माहितीपत्रकं लागतात, खतांच्या दुकानांना फलक लागतात. ही कामं बहुतेक वेळा प्रिंटिंग प्रेसवालाच जुन्या फाईलमध्ये नाव बदलून करून देतो. मला वाटलं, यात आपल्याला जागा आहे.

माझा पहिला क्लायंट इन्स्टाग्रामवर भेटला. द्राक्ष व्यापारी आहे म्हणाला, नवीन ब्रँड काढतोय म्हणाला. त्याला लोगो, पाच किलोच्या बॉक्सचं चारही बाजूंचं डिझाईन आणि आठ पानांचं कॅटलॉग हवं होतं. मी नऊ हजार सांगितले. त्याने घासाघीस केली नाही, तेव्हाच खरं तर थांबायला हवं होतं. ज्याला पैसे द्यायचेच नाहीत तो कशाला भाव करेल? पण पहिल्या कामाच्या आनंदात हे कुणाला सुचतं? सतरा दिवस काम केलं. लोगोचे पाच पर्याय, बॉक्सचे तीन, कॅटलॉगमध्ये चार वेळा बदल. शेवटच्या रात्री त्याने लिहिलं, 'प्रेसवाला बसलाय, ओपन फाईल टाका लगेच.' मी कोरलड्रॉची सीडीआर फाईल, प्रिंटची पीडीएफ आणि वापरलेले फॉन्ट, सगळं एका फोल्डरमध्ये भरून ड्राइव्हची लिंक पाठवली. त्यावर आला तो वरचा 'एक नंबर'.

आता या गोष्टीवर मला लोकांनी काय सांगितलं, ते सांगते. कारण मला भांडायचंय ते त्या माणसाशी नाही, या सल्ल्यांशी.

पहिला सल्ला मैत्रिणीचा. 'जाऊ दे गं, पोर्टफोलिओ तर झाला.' दुसरा एका सरांचा. 'माणूस ओळखायला शिकलं पाहिजे. अनुभवाने येतं ते.' तिसरा आत्याचा, आणि तो सगळ्यात लागला. 'पोरीच्या जातीनं पैशासाठी एवढे मेसेज करणं बरं दिसतं का?'

तिन्ही सल्ले प्रेमाने दिलेले आणि माझ्या मते तिन्ही चुकीचे आहेत. पोर्टफोलिओवाल्या सल्ल्यात फसवणुकीला फीचं रूप दिलंय, जणू काम शिकल्याबद्दल ते नऊ हजार मी भरायचे होते. आत्याच्या सल्ल्यात चूक मागणाऱ्याची ठरते, बुडवणाऱ्याची नाही. पण खरा घातक आहे तो सरांचा सल्ला, कारण तो शहाणपणासारखा वाटतो. माणूस ओळखायला शिका. म्हणजे काय करू? इन्स्टाग्रामवरच्या फोटोवरून नियत ओळखू? तो माझ्याशी अत्यंत नीट बोलला होता. 'ताई' म्हणायचा, रात्री दहानंतर मेसेज केला तर माफी मागायचा. उलट माझा दुसरा क्लायंट, ज्याच्याबद्दल पुढे लिहिते, तो तुसडा होता आणि त्याने पैसे दिले. माणूस ओळखणे या कौशल्यावर माझा विश्वास उरलेला नाही. असेलही कुणाकडे. पण ज्या धंद्यात समोरच्याचा चेहराही दिसत नाही, त्यात या कौशल्याच्या भरवशावर राहा असं एकवीस वर्षांच्या मुलीला सांगणं, म्हणजे पुढच्या वेळी बुडालीस तर तो पुन्हा तुझाच दोष असेल, एवढंच आधी सांगून ठेवणं.

मला उत्तर मिळालं ते घरातच. आमची दोन एकर द्राक्षबाग आहे. आप्पांना मी चार दिवसांनी सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, 'इसार किती घेतला होतास?'

'काहीच नाही.'

'आणि माल?'

'सगळा दिला.'

'मग तू माल त्याच्या गाडीत भरून दिलास आणि गाडी जाऊ दिलीस,' ते म्हणाले. 'आम्हीपण हेच करतो. तू एकटी नाहीस.'

नाशिक जिल्ह्यातल्या कुठल्याही द्राक्षवाल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. द्राक्षाचा बराचसा व्यवहार शिवारात, म्हणजे बागेतच होतो. व्यापारी येतो, मणी चाखतो, साखर बघतो, भाव ठरतो. थोडा इसार देतो, कधी तोही नाही. मग त्याची माणसं येऊन माल तोडतात, बॉक्स भरतात, गाडी निघते. पैसे आठ दिवसांनी, पंधरा दिवसांनी. पहिल्या गाडीचे पैसे वेळेवर येतात, म्हणून दुसरी आणि तिसरी गाडी उधारीवर जाते आणि मग फोन बंद होतो. हे इतक्या जणांच्या बाबतीत घडलंय की २०२० साली नाशिक परिक्षेत्राचे तेव्हाचे विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी शेतकऱ्यांना बुडवणाऱ्या व्यापाऱ्यांविरुद्ध मोहीमच उघडली होती. कित्येक शेतकऱ्यांचे पैसे त्यामुळे परत आले. पण विचार करा, एका जिल्ह्यात देणी वसूल करायला एवढ्या वरच्या पोलीस अधिकाऱ्याला उतरावं लागलं. ते सगळे शेतकरी काय माणसं न ओळखणारे होते? तीस-तीस वर्षं बागा करणारे लोक आहेत ते.

आता याच गावात जोपूळ रोडला बाजार समिती आहे. तिथे टोमॅटोच्या हंगामात क्रेटच्या रांगा लागतात, लिलाव होतो. तिथला व्यापारी काही जास्त सज्जन नसतो. पण तो परवानाधारक असतो, लिलाव सगळ्यांसमोर होतो, वजन होतं, हिशोबपट्टी हातात पडते आणि विकलेल्या मालाचे पैसे चोवीस तासांच्या आत द्यावेत असा नियम असतो. तो नियम कधी मोडला जात नाही असं नाही. पण मोडला तर दार ठोठवायला समितीचं ऑफिस आहे. शिवारात बुडालेल्याला बहुतेकदा यातलं काही नसतं. माणसं तीच, माल तोच. फरक पडतो तो कुठली गोष्ट आधी आणि कुठली नंतर, यामुळे.

माझं म्हणणं हे एवढंच आहे. माझा क्लायंट वाईट होता म्हणून मी बुडाले, हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की कामाचा क्रमच असा होता, की गायब होणं त्याला फुकट पडत होतं. लोगो, बॉक्स, कॅटलॉग, ओपन फाईल असं सगळं त्याच्याकडे पोहोचलं होतं आणि माझ्याकडे त्याचं काहीच नव्हतं. त्या क्षणी पैसे देणं हा त्याच्यासाठी व्यवहार राहिला नव्हता, तो चांगुलपणा झाला होता. आणि मी कुणाच्या चांगुलपणावर धंदा करायला निघाले नव्हते.

म्हणून मी पुढच्या वेळेसाठी स्वतःला एकच प्रश्न घालून घेतला. या क्षणी समोरचा गायब झाला, तर माझं किती जाईल? कामाच्या प्रत्येक टप्प्यावर हा आकडा काढायचा. पहिल्या कामात तो रोज वाढत गेला होता. पहिल्या दिवशी शून्य, दहाव्या दिवशी अर्धं काम, सतराव्या रात्री पूर्ण नऊ हजार. हा आकडा कधीच फार मोठा होऊ द्यायचा नाही, एवढंच करायचं होतं.

त्यासाठी आधी हे कळावं लागलं की आपला माल नेमका कुठला. शेतकऱ्याला ते दिसतं. घड म्हणजे माल, चाखायला दिलेले चार मणी म्हणजे नमुना. आम्हा डिझाईनवाल्यांना दिसत नाही, कारण दोन्ही स्क्रीनवर सारखेच दिसतात. क्लायंटला डिझाईन पसंत करायला लागते ती मोबाईलवर बघता येईल अशी एक हजार पिक्सेलची जेपीजी. त्यावर आडवं, फिकट, बॉक्सच्या मधोमध 'नमुना' लिहिलं तरी रंग, अक्षर, मांडणी सगळं कळतं. पण त्या जेपीजीवरून बॉक्स छापता येत नाही. छापायला प्रेसला लागते ती व्हेक्टर फाईल, म्हणजे कितीही मोठी केली तरी न फाटणारी. तिच्यात अक्षरांचे कर्व्ह केलेले असतात, रंग प्रिंटच्या चार शाईंमध्ये मांडलेले असतात, कडेने कापायला तीन मिलिमीटर जास्तीची जागा सोडलेली असते आणि बॉक्सच्या घडीची डाय बसवलेली असते. तो माल. जेपीजी मोठी करून कुणी छापायला बघितलं तर अक्षरांच्या कडा फुटतात आणि मधला 'नमुना' शब्दही बॉक्सवर येतो.

नमुना कितीही वेळा दाखवा. माल पैसे आल्यावर. मी त्या रात्री 'प्रेसवाला बसलाय' एवढ्या एका वाक्यावर माल दिला होता.

यात एक मर्यादा आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. लोगो साधा असेल तर नमुना बघूनही दुसरा कुणी तासाभरात तो पुन्हा काढू शकतो. सोशल मीडियाच्या पोस्टचं तर नमुना आणि माल जवळजवळ एकच असतं. जी जेपीजी दाखवायची तीच टाकायची असते. अशा कामात फाईल अडवून ठेवण्याचा उपयोग कमी. तिथे पैसेच आधी घ्यावे लागतात, महिन्याच्या पोस्टचे महिन्याच्या सुरुवातीला. भाषांतर, लेख, आवाज देणं या कामांचंही असंच. अर्धा लेख दाखवा, पूर्ण नको.

बुडालेल्या पैशांचं काय केलं, तेही सांगते, कारण या भागात बरेच गैरसमज आहेत. तोंडी आणि व्हॉट्सॲपवर ठरलेलं कामसुद्धा आपल्याकडे करार मानलं जातं. १८७२ च्या करार कायद्याला बहुतेक करारांसाठी कागद लागत नाही. केलेल्या कामाच्या पैशांसाठी दावा करायला साधारण तीन वर्षांची मुदत असते. म्हणजे माझा हक्क होता. पण हक्क असणं आणि नऊ हजार हातात येणं यांत वकिलाची फी, नोटीस, आणि त्याचा खरा पत्ता, एवढं अंतर होतं. पत्ता माझ्याकडे नव्हता. एक फोन नंबर आणि एक इन्स्टाग्राम खातं होतं. तेही बंद. पोलिसांत काय म्हणतील याचीही कल्पना होती. पैसे न देणं म्हणजे आपोआप फसवणुकीचा गुन्हा होत नाही. सुरुवातीपासूनच बुडवायचा इरादा होता हे दाखवावं लागतं, नाहीतर ती दिवाणी बाब ठरते. सायबर फसवणुकीची १९३० ही हेल्पलाइन आहे, पण ती खात्यातून पैसे गेले असतील तर पटकन अडवण्यासाठी. माझ्या खात्यातून काही गेलंच नव्हतं. गेले होते ते सतरा दिवस.

फेब्रुवारीत मी ते बॉक्स पाहिले. चिंचखेड चौफुलीजवळ एका पिकअपमध्ये रचलेले. माझा हिरवा, माझं अक्षर, 'ताजी' मधल्या वेलांटीला दिलेला वेलीचा आळोखा. खोटं कशाला बोलू, आधी छान वाटलं. छपाई स्वच्छ झाली होती. मग पोटात कालवलं.

खरं तर त्या डिझाईनवरचा हक्क कायद्याने माझाच होता. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, नोकरीत नसलेल्या माणसाने केलेल्या कामाचा पहिला मालक सहसा तो करणाराच असतो, आणि तो हक्क दुसऱ्याला द्यायचा तर सहीचा लेखी कागद लागतो. (फोटो किंवा पोर्ट्रेट कुणी पैसे देऊन करून घेतलं तर वेगळं, तिथे करून घेणारा मालक होतो. म्हणून फोटोग्राफर मित्रांनी माझं वाक्य जसंच्या तसं उचलू नये.) हे मला आधी माहीत असतं तर उपयोग झाला असता. पुढच्या वेळी मी त्याचा उपयोग केला.

पुढची वेळ मार्चमध्ये आली. टोमॅटोच्या रोपांची नर्सरी. मालक, मी वर म्हटला तो तुसडा. त्यांना लोगो आणि दुमडायचं माहितीपत्रक हवं होतं. मी सहा हजार सांगितले. ते म्हणाले पाच. मी म्हटलं, साडेपाच. मग मी हा मेसेज पाठवला. लिहायला मला दोन तास लागले आणि पाठवताना हात थरथरत होता, म्हणून तो पूर्ण देते:

'नमस्कार काका. आपलं ठरलेलं लिहून पाठवते. काम: एक लोगो (तीन पर्यायांतून एक) आणि चार पानांचं दुमडतं माहितीपत्रक, मजकूर तुमचा. बदल दोन वेळा यात धरलेत, त्यापुढे प्रत्येक वेळी ३०० रुपये. एकूण ५,५०० रुपये. २,७५० काम सुरू करताना, उरलेले २,७५० तुम्ही नमुना पसंत केल्यावर आणि छपाईची फाईल देण्याआधी. ॲडव्हान्स आल्यापासून दहा दिवसांत पहिला नमुना देईन. मी दिला नाही तर पूर्ण ॲडव्हान्स परत. नमुन्यावर पंधरा दिवस उत्तर आलं नाही तर काम संपलं असं धरेन आणि ॲडव्हान्स परत होणार नाही. पूर्ण पैसे आल्यावर डिझाईनचे हक्क तुमच्या नावे लिहून देईन. तुमचं पूर्ण नाव, नर्सरीचं नाव आणि पत्ता पाठवा, बिलावर लागेल. मान्य असेल तर "मान्य" असं लिहून पाठवा.'

यात एक ओळ आहे जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि ती माझ्या फायद्याची नाही. मी दिला नाही तर पूर्ण ॲडव्हान्स परत. इसार घेणाऱ्यानेही बांधलं गेलं पाहिजे. गिऱ्हाइकाला पळून जाणाऱ्या डिझायनरची भीती असते आणि ती खोटी नाही. ॲडव्हान्स घेऊन गायब झालेली पोरंही आहेत. त्यांच्यामुळे आपल्याला आगाऊ कुणी देत नाही. नाव आणि पत्ता मी 'बिलासाठी' मागितला. नोटीस पाठवायची वेळ आली तर लागेल, हे मी लिहिलं नाही, पण मला माहीत होतं. फसवणारा तिथेच अडखळतो.

काकांचा मेसेज दुपारी आला. 'एवढं कोर्टकचेरीसारखं कशाला? आम्ही काय पळून चाललोय?'

हे वाक्य तुम्हालाही ऐकावं लागेल, म्हणून यावर थोडं थांबते. याचं उत्तर देताना 'नाही नाही काका, तसं नाही, तुमच्यावर विश्वास आहे' असं तोंडातून निघून जातं. तिथेच सगळं संपतं, कारण विश्वास आहे म्हटल्यावर इसार मागायचं कारण उरत नाही. मी आप्पांना विचारलं. ते म्हणाले, 'त्याला सांग, तुमच्याकडे रोपांची बुकिंग करताना तुम्ही काय करता?' मी तेच लिहिलं. 'काका, तुमच्याकडे रोपं बुक करताना तुम्हीपण आधी पैसे घेता ना? माझंही तसंच.' दोन तास काही आलं नाही. मग २,७५० रुपये आले. सोबत 'मान्य'.

मी वाट बघत बसले त्या दोन तासांत मला खात्री झाली होती की काम गेलं. त्याआधीच्या आठवड्यात एक गेलंही होतं. एका कपड्याच्या दुकानवाल्याने ॲडव्हान्सचं नाव काढताच 'बघतो' म्हणून विषय संपवला. लोक म्हणतात, अटी घातल्या की कामं जातात. जातात, हे खरं आहे. पण कुठली जातात ते बघा. ॲडव्हान्स न देणारं प्रत्येक काम बुडणारं असतंच असं नाही, काही चांगलीही जातात. त्याची किंमत मी मोजते. तरीही जे काम बुडणार होतं, ते या एका प्रश्नावर पहिल्याच दिवशी जातं, सतराव्या रात्री नाही. नऊ हजारांचं काम बुडण्याऐवजी शून्य रुपयांचं बुडतं.

शेवटचा प्रसंग पुन्हा तोच आला. शनिवारी रात्री साडेआठला काकांचा फोन. 'प्रेसवाला बसलाय, फाईल टाक पटकन, पैसे सोमवारी.' अगदी तेच शब्द. मला वाटतं हे वाक्य या धंद्यात सगळीकडे सारखंच असावं. आणि यावेळी ते खरंही होतं. प्रेसवाला खरंच बसला होता. मी म्हटलं, 'काका, मी दहा मिनिटांत प्रेसवर येते, पेनड्राइव्ह घेऊन. तुम्ही स्क्रीनवर फाईल बघा, तिथेच पेमेंट करा, मी कॉपी करून देते.' ते कुरकुरत आले. पेमेंट केल्याचा स्क्रीनशॉट दाखवला. मी माझ्या बँकेच्या ॲपमध्ये पैसे जमा झालेले दिसेपर्यंत थांबले. स्क्रीनशॉट खोटा बनवायला दोन मिनिटं लागतात आणि डिझाईनवालीला तर ते सगळ्यात आधी माहीत असतं. दीड मिनिट गेलं. फार लांब दीड मिनिट. मग पैसे दिसले, फाईल दिली.

परत निघताना प्रेसवाले दादा हसून म्हणाले, 'आमच्याकडे पण सगळ्यांनी असं केलं असतं तर बरं झालं असतं.' त्यांची मागच्या हंगामातली तीन बिलं अजून थकलेली होती.

म्हणून हे एकट्या मुलीच्या शिस्तीवर सोडून चालणार नाही, असंही मला म्हणायचंय. जो एकटा लेखी मागतो तो उद्धट ठरतो. सगळ्यांना लेखी द्यावंच लागलं तर तो रिवाज होतो. न्यूयॉर्क शहरात २०१७ पासून तसा कायदा आहे. तिथे ठरावीक रकमेपुढच्या फ्रीलान्स कामाला लेखी करार सक्तीचा आहे आणि तारीख ठरलेली नसेल तर काम झाल्यापासून तीस दिवसांत पैसे द्यावे लागतात. तिथली डिझायनर कागद मागते तेव्हा तिला कुणी 'आम्ही काय पळून चाललोय' म्हणत नाही, कारण कागद ती मागत नसते, कायदा मागत असतो.

आपल्याकडे फ्रीलान्सरांसाठी असा वेगळा कायदा नाही. पण एक वापरण्याजोगी गोष्ट आहे आणि ती आमच्या कॉलेजात कुणी सांगितली नाही. आधार आणि पॅन असलं की udyamregistration.gov.in वर सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी फुकट होते. (पैसे मागणाऱ्या सारख्या दिसणाऱ्या साइट बऱ्याच आहेत, त्यांना देऊ नका.) २००६ च्या लघुउद्योग कायद्यानुसार, अशी नोंदणी असलेल्याचं काम घेतल्यावर गिऱ्हाइकाने लेखी काही ठरलं नसेल तर पंधरा दिवसांत आणि लेखी ठरलं तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, चक्रवाढ व्याज. आणि काम दिल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर काम स्वीकारलं असं धरलं जातं, म्हणजे 'आवडलं नाही' हे तीन महिन्यांनी म्हणता येत नाही. नोंदणी मात्र काम घेण्याआधी करा. बुडाल्यावर केलेली नोंदणी मागच्या कामाला लावून घेण्याच्या भरवशावर राहू नका. मी मार्चच्या पहिल्या आठवड्यात केली. बिलाच्या खाली तो नंबर असतो. साडेपाच हजारांसाठी मी कुठल्या परिषदेपुढे जाईन असं नाही. पण नंबर असलेलं बिल आणि नसलेलं बिल लोक वेगळ्या नजरेने बघतात.

कुणी म्हणेल, एवढ्या अटी नामांकित लोकांना शोभतात, नवख्याने आधी काम मिळवावं. मला हे उलटं वाटतं. ज्याच्याकडे दहा क्लायंट आहेत त्याचा एक बुडाला तर नऊ उरतात. माझा एकच होता. तो बुडाला तेव्हा माझं शंभर टक्के बुडालं, आणि त्यातून पुढच्या सेमिस्टरची फी भरायची होती. ती आप्पांनी भरली, ज्यांची स्वतःची एक गाडी दोन वर्षांपासून बुडालेली आहे. इसाराची गरज सगळ्यात जास्त त्यालाच असते, ज्याच्या मागे दुसरं काही नसतं.

त्या पहिल्या कामाचे पैसे आले नाहीत. येतील असं वाटतही नाही. तो चॅट मी डिलीट केलेला नाही. तीन वर्षं ठेवणार आहे. मुदत तेवढी आहे.

परवा ज्युनिअरची एक मुलगी भेटली. तिला नाशिकच्या कुणाचं तरी रील एडिटिंगचं काम मिळालंय, महिन्याला वीस रील. खूश होती. मला विचारत होती, 'ताई, पहिल्या आठवड्याचे पाच रील आज पाठवून देऊ ना? भला माणूस वाटतो.'

मी तिला माणूस कसा आहे ते विचारलं नाही. विचारलं, 'खात्यात किती आलेत?'